फार्मसीत ते काय विचारतात: ल्योनमध्ये फ्रेंचमधून औषध घेण्याचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्समधल्या ल्योन शहरात राहायला आलो. पुण्यात असताना फ्रेंचचे थोडे वर्ग केले होते, त्यामुळे भाजी घेणं, बसचं तिकीट काढणं जमत होतं. धास्ती होती ती औषधाच्या दुकानाची. तिथे आपण दुखणं सांगतो आणि समोरची व्यक्ती उलट प्रश्न विचारते, आणि आपलं उत्तर चुकलं तर चुकीची गोळी पोटात जाते. आता या सगळ्यातून एकदा पार पडले आहे. नव्याने येणाऱ्यांना आणि तिकडे बसून फ्रेंच शिकणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून झालं तसं लिहिते.

आधी कागदपत्रांबद्दल, कारण औषधाच्या पैशांचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. नोकरी करणाऱ्याचा सरकारी आरोग्य विमा लगेच सुरू होतो. माझ्यासारख्या, नोकरी नसलेल्या जोडीदाराला मात्र आधी तीन महिने सलग इथे राहावं लागतं. त्यामुळे माझा अर्ज डिसेंबरमध्ये गेला. अर्जासोबत पासपोर्ट, व्हिसा, घरभाड्याचा करार, बँक खात्याचा तपशील असलेला ‘आरआयबी’ नावाचा कागद आणि जन्मदाखला जोडला. जन्मदाखल्याचं भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्यावं लागलं, त्याचे 45 युरो गेले. जानेवारीच्या अखेरीस तात्पुरता क्रमांक आला. इथे सगळे ज्याबद्दल विचारतात ते ‘कार्त व्हिताल’ हे विम्याचं हिरवं कार्ड पक्का क्रमांक मिळाल्यावरच येतं. येणाऱ्यांनी जन्मदाखला भारतातूनच नीट तयार करून आणावा, आईवडिलांची नावं असलेला. इथून मागवायला फार वेळ जातो.

याच काळात मी आमच्या भागातल्या एका संस्थेच्या फ्रेंच वर्गाला जात होते. जानेवारीत बाईंनी फार्मसीचा संवाद घेतला. दोघींना दोन चिठ्ठ्या. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: तुमचा घसा दुखतो, ताप आहे, खोकला येतो, औषध मागा, कसं घ्यायचं ते विचारा, किंमत विचारा, निरोप घ्या. समोरची ब्राझीलची मैत्रीण फार्मासिस्ट. फ्रेंच भाषेच्या डेल्फ ए-टू परीक्षेच्या तोंडी भागातही शेवटी असाच संवाद असतो. तीन-चार मिनिटांचा, आणि परीक्षक दुकानदाराची भूमिका घेतात. नमस्कार-चमत्कार आणि आदराची रूपं यांना तिथे गुण असतात.

आम्ही घरी लिहून पक्का केलेला संवाद खाली देते. देवनागरीत फ्रेंच उच्चार जवळपासचाच येतो, म्हणून कुणाच्या तरी तोंडून किंवा रेकॉर्डिंगवर तो एकदा ऐकून घ्याच.

— बोंझूर मादाम. (नमस्कार.)

— बोंझूर मादाम, झ व्हुद्रे केल्क शोझ पूर ल माल द गोर्झ, सिल व्हू प्ले. (नमस्कार, घसादुखीवर काहीतरी हवं होतं.)

— से पूर व्हू? (तुमच्यासाठीच का?)

— वी, से पूर म्वा. (हो, माझ्यासाठीच.)

— दप्युई काँ? (कधीपासून?)

— दप्युई द झूर. झे ओसी द ला फ्येव्र ए झ तूस. (दोन दिवस झाले. तापही आहे आणि खोकलाही.)

— से-त्युन तू सेश ऊ ग्रास? (कोरडा खोकला की कफ पडतो?)

— सेश. (कोरडा.)

— व्हू प्रने दोत्र मेदिकामाँ? व्हू-झेत आलेर्झिक आ केल्क शोझ? (दुसरी औषधं चालू आहेत? कशाची ॲलर्जी?)

— नों, झ न प्राँ रियँ. पा दालेर्झी. (नाही, काही घेत नाही. ॲलर्जी नाही.)

— व्हू-झेत आँसँत? (तुम्हाला दिवस गेलेत का?)

— नों. (नाही.)

— आलोर, झ व्हू दोन द्यु पारासेतामोल. (मग पॅरासिटामॉल देते.)

— कोमाँ झ द्वा ल प्रांद्र? (कसं घ्यायचं?)

— अँ कोंप्रिमे तूत ले सी-झर, सि बझ्वँ. (गरज लागली तर दर सहा तासांनी एक गोळी.)

— मेर्सी. सा फे कोंब्यँ? (धन्यवाद. किती झाले?)

आम्ही हे पाठ केलं तेव्हा बाईंनी अदलाबदल करायला लावली आणि मला फार्मासिस्ट केलं. तयारीची खरी दिशा मला तेव्हा कळली. गिऱ्हाइकाची वाक्यं मोजकी असतात आणि आपल्या हातात असतात. प्रश्न समोरून येतात, तेही भरभर आणि कुठल्याही क्रमाने. म्हणून पाठ करायचेच असतील तर फार्मासिस्टचे प्रश्न पाठ करा, ते ओळखीचे झाले की उत्तर एक-दोन शब्दांतही चालतं. नवऱ्याला मी घरी तेच प्रश्न वाटेल त्या क्रमाने विचारायला लावायचे.

फेब्रुवारीत थंडी कडक होती आणि चिठ्ठीवरचंच दुखणं मला झालं. घसा, 38.2 ताप, खोकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. फार्मसी ओळखायला सोपी असते, दाराबाहेर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो. आत शिरल्यावर फळ्यांवर क्रीम, शाम्पू, टूथपेस्ट असतात, गोळ्या नसतात. जानेवारी 2020 पासून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसुद्धा काउंटरच्या मागे ठेवतात, म्हणजे बोलल्याशिवाय साधी तापाची गोळीही मिळत नाही. काउंटरच्या अलीकडे जमिनीवर एक रेघ असते. पुढचं गिऱ्हाईक बोलत असताना आपण त्या रेघेमागे थांबायचं, कुणाचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून.

आत शिरताना मोठ्याने ‘बोंझूर’ म्हणायचं, काउंटरशी पोहोचल्यावर ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्यो’ पुन्हा म्हणायचं. हे न म्हणता थेट औषध मागितलं तर ते इथे उद्धट वाटतं. ‘झ व्ह’ म्हणजे ‘मला पाहिजे’ न म्हणता ‘झ व्हुद्रे’ म्हणायचं. आपणही दुकानात ‘मला अमुक द्या’पेक्षा ‘अमुक हवं होतं’ म्हणतो, तशातलाच तो प्रकार. आणि समोरची मुलगी कितीही तरुण असली तरी ‘व्हू’च, ‘त्यु’ नाही.

समोर एक मध्यमवयीन फार्मासिस्ट होत्या. पहिले दोन प्रश्न संवादातलेच आले, म्हणून हायसं वाटलं. पुढचा मात्र आमच्या कागदावर नव्हता: ‘व्हू पझे प्ल्यू द सँकाँत किलो?’ म्हणजे वजन पन्नास किलोच्या वर आहे का? इथे पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम आणि 1 ग्रॅम अशा गोळ्यांत मिळतं, आणि 1 ग्रॅमची गोळी पन्नास किलोच्या वरच्यांनाच देतात. आपल्याकडची साडेसहाशेची गोळी इथे मिळत नाही, तिचं ब्रँडचं नाव तर कुणालाच ठाऊक नसतं. ‘पारासेतामोल’ म्हटलं की काम होतं. मला त्यांनी 500 ची, सोळा गोळ्यांची डबी दिली. सुट्ट्या चार गोळ्या इथे मिळत नाहीत, अख्खी डबीच घ्यावी लागते.

मग त्या म्हणाल्या की घशाची चाचणी करायची गरज आहे का ते बघू या. त्यांच्या तोंडून ‘आँजीन’ हा शब्द ऐकून मी दचकले होते, मला तो हृदयाचा अँजायना वाटला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घशाचा, टॉन्सिलचा संसर्ग. छातीतल्या दुखण्यासाठी ‘आँजीन द प्वात्रीन’ असं वेगळं म्हणतात. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरून जातो. 2024 च्या जूनपासून इथे प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट घशाची जलद चाचणी करून, जिवाणूचा संसर्ग निघाला तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ शकतो. त्याआधी गुण मांडतात: 38 च्या वर ताप, टॉन्सिलची सूज, मानेतल्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या प्रत्येकाला एक गुण. दोनपेक्षा कमी गुण आले तर चाचणीही करत नाहीत. मला ताप होता, पण खोकला होता, गाठी नव्हत्या, टॉन्सिलही सुजले नव्हते. एकच गुण, म्हणजे बहुधा विषाणू, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. त्या इतक्या आग्रहाने ‘व्हू तूसे?’ का विचारत होत्या ते मला तेव्हा कळलं. खोकला आहे म्हटल्यावर उलट बरं झालं म्हणून त्या हसल्या.

यानंतर आला तो सगळ्यात जपून ऐकायचा भाग, गोळी कशी घ्यायची. संवादात आम्ही एक गोळी लिहिली होती, त्यांनी सांगितलं: एक किंवा दोन, दर सहा तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त सहा. म्हणजे 500 च्या सहा गोळ्या, 3 ग्रॅम. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय त्यापुढे जायचं नाही, आणि सर्दीच्या ज्या मिश्र गोळ्या मिळतात त्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही एकदम नको, असं त्यांनी बजावलं. आपल्याकडून कुणी आणलेल्या सर्दीच्या गोळ्या घरात असतील तर हे आवर्जून बघा.

आकडे ऐकताना माझी तारांबळ होते. ‘सी-झर’ (सहा तास) आणि ‘सेझ-अर’ (सोळा तास) कानाला जवळजवळ सारखेच लागतात, ‘द’ (दोन) आणि ‘दूझ’ (बारा) यांचंही तेच. म्हणून मी बाईंनी शिकवलेली दोन वाक्यं वापरली. पहिलं: ‘पारदों, व्हू पूव्हे पार्ले प्ल्यू लाँतमाँ, सिल व्हू प्ले?’ (माफ करा, जरा सावकाश बोलाल का?) दुसरं: ‘व्हू पूव्हे लेक्रीर स्युर ला ब्वात?’ (डबीवर लिहून द्याल का?) त्यांनी लगेच पेन काढून डबीवर तीन ओळी लिहिल्या. इथे ही अगदी रोजची गोष्ट आहे, कुणी नाक मुरडत नाही. संपूर्ण संवादातलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे दुसरं करा. त्याखेरीज मी ऐकलेलं परत म्हणून दाखवलं: ‘आलोर, तूत ले सी-झर, मातँ, मिदी, स्वार, से सा?’ त्यावर त्यांनी ‘ए ल न्वी सि बझ्वँ’ म्हणजे गरज असेल तर रात्रीही, एवढी भर घातली.

डबी आणि चघळायच्या गोळ्या मिळून 9.90 युरो झाले. त्या म्हणाल्या ‘नफ-अरो कात्र-व्हँ-दीस’. नव्वदला फ्रेंचमध्ये ‘चार वीस दहा’ म्हणतात, त्यामुळे किंमत ऐकून कळली नाही तर मशीनवरचा आकडा बघा, त्यात काही कमीपणा नाही. निघताना ‘मेर्सी मादाम, बोन स्वारे’. त्यांनी ‘बों रेताब्लिस्माँ’ म्हटलं, म्हणजे लवकर बऱ्या व्हा.

ताप उतरला, पण खोकला राहिला. आठवड्याभरानंतर रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. भेटीचे 30 युरो लागले. डॉक्टरांनी ‘ओर्दोनांस’ म्हणजे औषधांची चिठ्ठी दिली: साल्ब्युतामोलचा पंप आणि सेतिरिझिनच्या गोळ्या. आपल्याकडे पंपाला आपण ब्रँडच्या नावाने ओळखतो, पण औषध तेच सॅल्ब्युटामॉल. म्हणून भारतातून येताना, विशेषतः आईवडील भेटायला येणार असतील तर, त्यांच्या चालू औषधांची यादी घटकाच्या नावाने लिहून आणा: मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, लिव्होथायरॉक्सिन. ‘दुसरी औषधं चालू आहेत का’ या प्रश्नाला ती यादी पुढे केली की वेगळं बोलायची गरज उरत नाही.

चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे ‘क्यूएसपी’ आणि दिवसांची संख्या असते. त्याचा अर्थ इतके दिवस पुरेल एवढं द्या. किती डब्या ते फार्मासिस्ट ठरवतो. चिठ्ठी तीन महिन्यांच्या आत पहिल्यांदा वापरावी लागते.

त्याच फार्मसीत या वेळी एक तरुण होता. चिठ्ठी असली की संवादही बदलतो: ‘व्हू-झाव्हे व्होत्र कार्त व्हिताल?’ (तुमचं कार्ड आहे का?) माझं उत्तर तयार होतं: ‘नों, पा आँकोर, झे अँ न्युमेरो प्रोव्हिझ्वार.’ (अजून नाही, तात्पुरता क्रमांक आहे.) मग त्याने विचारलं: ‘झ व्हू दोन ल झेनेरिक?’ (जेनेरिक देऊ का?) याला ‘वी, बियँ स्यूर’ म्हणायचं. औषध तेच असतं, आणि नाही म्हटलं तर ज्यादा पैसे आपल्या खिशातून जातात. पंप कसा वापरायचा ते त्याने हाताने करून दाखवलं: आधी हलवायचा, श्वास बाहेर सोडायचा, मग दाबताना आत ओढून दहापर्यंत श्वास धरायचा. ‘द बूफे’ म्हणजे दोन फवारे. मला जमत नव्हतं म्हणून मी म्हटलं, ‘व्हू पूव्हे म मोंत्रे आँकोर युन फ्वा?’ (पुन्हा एकदा दाखवाल का?) आणि त्याने दाखवलं. पंप, गोळ्या यांसारख्या वस्तूंना हे वाक्य फार उपयोगी आहे.

कार्ड नसल्यामुळे सगळे पैसे मीच भरले आणि ‘फय द स्वँ’ नावाचा छापील कागद घेतला. तो मागून घ्यावा लागतो: ‘झ पूरे आव्ह्वार युन फय द स्वँ?’ त्यावर नाव, जन्मतारीख, तात्पुरता क्रमांक भरून, सही करून, चिठ्ठीच्या प्रतीसोबत विमा कार्यालयाला टपालाने पाठवायचा. भरलेल्या कागदाचा फोटो आधी काढून ठेवा, कारण मूळ कागद परत मिळत नाही. पाठवायला दोन वर्षांची मुदत असते, पण मी त्याच आठवड्यात पाठवला.

मार्चच्या शेवटी पैसे खात्यात जमा झाले. बहुतेक औषधांना 65 टक्के परतावा मिळतो, काहींना 30 किंवा 15, आणि प्रत्येक डबीमागे 1 युरो वजा होतो, वर्षाला जास्तीत जास्त 50. म्हणजे 65 टक्क्यांतल्या 10 युरोच्या डबीला 6.50 मधून 1 वजा जाऊन 5.50 परत येतात. वजा झालेला तो 1 युरो सोडून उरलेला भाग नवऱ्याच्या कंपनीच्या पूरक विम्याने दिला. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या त्या पहिल्या 9.90 युरोंचं काही परत मिळत नाही, तेव्हा तो कागद पाठवण्यात वेळ घालवू नका.

रात्री किंवा रविवारी गरज पडली तर 3237 वर फोन करून चालू असलेली ‘फार्मासी द गार्द’ विचारता येते. हा फोन सशुल्क आहे आणि पत्ता सांगताना पोस्टाचा कोड विचारतात, म्हणून आपला पिनकोड फ्रेंच आकड्यांत म्हणायची सवय करून ठेवा. ल्योनचे पिनकोड 69 ने सुरू होतात: ‘स्वासाँत-नफ’. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र फार्मसी शोधत बसू नका, 15 वर फोन करा.